शिक्षणासोबत पगाराचा पसाराही वाढतो, तेव्हा

शाळा-कॉलेजात काढलेल्या प्रत्येक वर्षामागे पगारात किती भर पडते? जेफ्री वूल्ड्रिज यांच्या अर्थमितीच्या पाठ्यपुस्तकातून जगभरचे विद्यार्थी हा प्रश्न एका ठरावीक माहितीसंचावर सोडवतात. अमेरिकेतल्या १९७६ च्या लोकसंख्या सर्वेक्षणातून घेतलेल्या ५२६ कामगारांचा तासाचा पगार आणि शिक्षणाची वर्षे त्यात आहेत. सरासरी पगार तासाला सुमारे ५.९० डॉलर आणि सरासरी शिक्षण साडेबारा वर्षे. साध्या रिग्रेशनने या ठिपक्यांमधून सरळ रेषा काढली, की उत्तर मिळते: शिक्षणाच्या दर वर्षामागे तासाला ०.५४ डॉलर जास्त.

या आकड्याशेजारी कंसात आणखी एक आकडा छापलेला असतो, ०.०५३. ही प्रमाण त्रुटी. याच प्रकारे दुसरे ५२६ कामगार निवडले असते तर ०.५४ हा आकडा साधारण किती हलला असता, याचा हा अंदाज. नेमका तोच इथे फसवा आहे.

आलेखाकडे नीट पाहिले की कारण दिसते. आठ वर्षे शिकलेल्यांचे ठिपके रेषेला धरून आहेत. त्यांना मिळणारी कामे मोजकी होती आणि खाली किमान वेतनाचा आधार होता. १९७६ मध्ये अमेरिकेत सर्वसाधारण केंद्रीय किमान वेतन तासाला २.३० डॉलर होते. सोळा वर्षे शिकलेल्यांचे तसे नाही. रेषेनुसार त्यांचा पगार पावणेआठ डॉलरच्या आसपास हवा. पण पदवी घेऊन कोणी कारकुनी करतो, तर कोणी मोठ्या हुद्द्यावर जातो. त्यामुळे ठिपके उजवीकडे जपानी पंख्यासारखे उघडत जातात. रेषेभोवतीचा हा असमान पसारा म्हणजे हेटरोस्केडॅस्टिसिटी.

डोळ्यांना दिसलेला पंखा खरा की भास, हे तपासायची एक रीत ट्रेव्हर ब्रॉइश आणि एड्रियन पेगन यांनी १९७९ मध्ये मांडली. आज तिचे थोडे सुधारलेले रूप सर्रास वापरतात. प्रत्येक कामगाराचा खरा पगार आणि रेषेने सांगितलेला पगार यांतला फरक काढायचा, म्हणजे अवशेष. त्याचा वर्ग करायचा आणि मग या वर्गांचेच शिक्षणावर रिग्रेशन करायचे. पसारा सगळीकडे सारखा असेल, तर शिक्षणावरून या वर्गांबद्दल काहीच सांगता येऊ नये. या दुसऱ्या रिग्रेशनचा आर-वर्ग ५२६ ने गुणायचा, गुणाकार ३.८४ च्या वर गेला, तर समान पसाऱ्याचे गृहीतक पाच टक्के पातळीवर टिकत नाही. म्हणजे आर-वर्ग जेमतेम ०.००७३ असला तरी पुरतो. वेतनाच्या या माहितीत गृहीतक टिकत नाही.

मग ०.५४ चुकले का? नाही. पसारा असमान असल्यामुळे रेषेचा उतार एका बाजूला झुकत नाही. चुकते ते प्रमाण त्रुटीचे सूत्र. ते सगळ्या अवशेषांच्या वर्गांची एकच सरासरी काढते आणि तीच प्रत्येकाला लावते. प्रत्यक्षात सरासरी शिक्षणापासून दूर असलेल्या माणसाचा उतारावर जास्त जोर चालतो, आणि तो जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. सोळा वर्षे शिकलेल्याचे वजन बारा वर्षे शिकलेल्याच्या पस्तीस पटींहून जास्त भरते. सर्वात मोठे चढउतार नेमके या वजनदार माणसांकडे असतील, तर सरसकट सरासरी अनिश्चितता कमी दाखवते.

हॅल्बर्ट व्हाइट यांचा १९८० मधला लेख यावरचा उपाय अर्थशास्त्रात रूढ करून गेला; आयकर आणि ह्यूबर यांनी त्याचा पाया १९६० च्या दशकात घातला होता. उपाय सरळ आहे. एक सरासरी सगळ्यांना लावण्याऐवजी प्रत्येकाच्या वजनाला त्याच्याच अवशेषाचा वर्ग जोडायचा. पसाऱ्याचा आकार आधी ठाऊक असावा लागत नाही. स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये एवढेच लिहावे लागते:

```
regress wage educ, vce(robust)
```

उतार ०.५४ च राहतो. प्रमाण त्रुटी मात्र ०.०५३ वरून ०.०६१ होते. ९५ टक्के विश्वासाचा पट्टा आधी साधारण ०.४४ ते ०.६५ होता, तो ०.४२ ते ०.६६ होतो. शिक्षण आणि पगार यांचा संबंध इथे ठामपणे टिकतो. पण ज्या घटकाचा परिणाम सीमारेषेवर आहे, त्याचा निकाल एवढ्या फरकाने उलटू शकतो. आणि ही त्रुटी दर वेळी वाढतेच असे नाही. पसारा मधल्या शिक्षणापाशी जास्त असेल, तर ती कमीही होते.

नमुना लहान असेल तर व्हाइट यांचे मूळ सूत्र त्रुटी कमी दाखवते. तिथे मॅकिनन आणि व्हाइट यांनी १९८५ मध्ये अभ्यासलेले `HC3` हे रूप बरे. एकाच कारखान्यातले अनेक कामगार नमुन्यात असतील, तर त्यांचे पगार एकत्र वरखाली होतात आणि गटवार प्रमाण त्रुटी लागते. हुशारी किंवा घरची परिस्थिती मोजलेलीच नसेल आणि शिक्षणाच्या आकड्यात तिचा वाटा मिसळला असेल, तर ०.५४ हा उतारच शंकास्पद ठरतो, आणि तो रोबस्ट त्रुटीने दुरुस्त होत नाही.