सिद्धार्थाने घर का सोडलं?

शाळेच्या पुस्तकातला प्रसंग बहुतेकांना पाठ असतो. राजपुत्र रथातून बाहेर पडतो, वाटेत त्याला आधी म्हातारा दिसतो, मग आजारी माणूस, मग प्रेत आणि शेवटी शांत चेहऱ्याचा संन्यासी. त्याच रात्री झोपलेल्या पत्नीकडे आणि तान्ह्या राहुलकडे एकदा पाहून तो कंथक घोड्यावर बसतो आणि छन्न सारथ्यासह कपिलवस्तू सोडतो.

पाली त्रिपिटकातल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतःच्या गृहत्यागाबद्दल बोलतात, तेव्हा मात्र यातलं जवळजवळ काहीच सांगत नाहीत. तिथे रथ नाही, घोडा नाही, मध्यरात्रही नाही. काळ्याभोर केसांचा एक तरुण आहे. आईवडिलांची इच्छा नसताना, ते डोळ्यांदेखत रडत असताना, तो केस-दाढी काढतो, काषाय वस्त्रं घालतो आणि निघतो. तो चोरून गेला असता तर आईवडील रडताना समोर कसे असते? परंपरेप्रमाणे जन्मदात्री महामाया प्रसूतीनंतर सातव्या दिवशीच वारली होती, म्हणजे इथली आई सांभाळ करणारी महाप्रजापती गौतमीच असणार.

मग चार दृश्यं आली कुठून? दीघनिकायातल्या महापदान सुत्तात ती सविस्तर येतात, पण तिथला राजपुत्र सिद्धार्थ नाही. तो विपस्सी नावाचा, फार पूर्वीच्या कल्पातला बुद्ध आहे. सगळे बुद्ध एकाच वाटेने जातात अशी श्रद्धा असल्यामुळे विपस्सीची कथा पुढे गौतमाची झाली. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरित’ काव्याने आणि जातकांच्या प्रस्तावनेतल्या निदानकथेने तिला आज ओळखीचं असलेलं रूप दिलं.

तरीही ही कथा निव्वळ कविकल्पना म्हणून बाजूला टाकता येत नाही. अंगुत्तरनिकायात बुद्ध आपल्या सुखवस्तू तारुण्याची आठवण सांगतात. तीन ऋतूंसाठी तीन वाडे होते, कमळांची तळी होती. त्या थाटात असतानाच त्यांच्या मनात आलं की, म्हातारपण आपल्यालाही चुकणार नाही, आणि तरी म्हातारा दिसला की माणूस नाक मुरडतो. आजाराचं आणि मरणाचंही तेच. हा विचार पक्का झाल्यावर तारुण्याचा, आरोग्याचा आणि जगण्याचा असे तिन्ही मद उतरले, असं ते म्हणतात. म्हणजे मुळात होतं ते मनातलं चिंतन. कथाकारांनी ते रस्त्यावर आणून डोळ्यांना दिसेल असं केलं. राजपुत्राने म्हातारा माणूस पहिल्यांदाच पाहिला, यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. पाहूनही ते आपल्याला लागू आहे हे त्याला तोवर जाणवलं नव्हतं, एवढंच कथेला सांगायचं आहे.

मराठीत या कथेची उलटतपासणी केली ती गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबी यांनी. त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात लक्ष वेधलं ते सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताकडे. आटलेल्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांविरुद्ध उभी ठाकलेली माणसं पाहून आपल्याला भय वाटलं, असं तिथे बुद्ध सांगतात. गृहत्यागामागे शस्त्रांचा आणि भाऊबंदकीचा हा उबग होता, असा कोसंबींचा अर्थ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात (1957) या दिशेची कथा पूर्ण तपशिलाने येते. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मृत माणूस पाहिलाच नसेल हे बुद्धीला पटत नाही, असं ते प्रस्तावनेतच स्पष्ट करतात. त्यांचा सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद होतो. पुढे रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी तंटा पेटतो आणि सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो, पण बहुमताने हरतो. सैन्यभरतीलाही तो नकार देतो, तेव्हा कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्तीची वेळ येते. घरच्यांना झळ लागू नये म्हणून तो स्वतःच परिव्राजक होण्याचं कबूल करतो. यशोधरा झोपलेली नसते, तिला सगळं ठाऊक असतं आणि ती संमती देते. पुढे शाक्य-कोलियांचा समेट झाल्याची बातमी कानावर येते, तरीही तो परतत नाही. भांडणं एका नदीपुरती नाहीत, हे तोवर त्याच्या लक्षात आलेलं असतं.

या मांडणीलाही एक मर्यादा आहे. अत्तदंड सुत्तात रोहिणीचं नाव नाही आणि अट्ठकथा रोहिणीचा तंटा ज्ञानप्राप्तीनंतरचा मानतात, स्वतः बुद्धांनी मिटवलेला. तेव्हा नेमकी घटना कोणती, याचा निकाल साधनांवरून लागणं कठीण. तरी इतकं उघड आहे की, मरणाची भीती आणि माणसामाणसांतली हिंसा ही दोन्ही कारणं जुन्या सुत्तांत शेजारी शेजारी नांदतात. पुढच्या काळाने एकाला उचलून धरलं, कोसंबी-आंबेडकरांनी दुसऱ्याला.

आणि घर सोडल्याने उत्तर मिळालं, असंही नाही. यानंतरच्या सहा वर्षांकडे वाचकांचं दुर्लक्ष होतं, खरं तर कथेचा गाभा तिथे आहे. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन गुरूंकडे त्याने ध्यानाच्या वरच्या पायऱ्या गाठल्या. आळारांनी तर बरोबरीने शिष्यवर्ग सांभाळू या, असं सुचवलं. तो निघून गेला. मग श्वास कोंडून पाहिला, अन्न इतकं तोडलं की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे. हाती काही आलं नाही.

वळण आलं ते एका आठवणीने. महासच्चक सुत्तात ते आहे. लहानपणी वडील कामात असताना आपण जांभळीच्या गार सावलीत बसलो होतो, मन आपोआप स्थिर आणि प्रसन्न झालं होतं, हे त्याला आठवलं. हीच तर वाट नसेल? आणि लगेच त्याने स्वतःला विचारलं की, वासनेशी आणि वाईटाशी काही संबंध नसलेल्या या सुखाला आपण का भितो आहोत? उपाशी शरीराने ते सुख गाठता येणार नाही हे ओळखून तो भात जेवला. सुजाताच्या खिरीची गोड गोष्ट नंतरची. सुत्तात साधं अन्न आहे आणि ते पाहून, गौतम चैनीला लागला म्हणत सोडून गेलेले पाच सोबती आहेत.

अजिंठ्याच्या सव्वीसाव्या लेण्यातला मारविजयाचा शिल्पपट पाहिला की बोधीची रात्र म्हणजे एक लढाई वाटते. सुत्तनिपातात माराच्या सैन्याची नावं दिली आहेत, त्यात वासना, कंटाळा, भूक-तहान, आळस, भीती, शंका येतात. म्हणजे राक्षस कोरले असले तरी शत्रू घरचेच. त्या रात्री काय कळलं, याचं उत्तर सुत्तं पूर्वजन्मांचं स्मरण, प्राण्यांची कर्मानुसार गती आणि मनातल्या आस्रवांचा क्षय, असं तीन टप्प्यांत देतात. आंबेडकरांनी यातले पहिले दोन टप्पे गाळले आणि जगात दुःख आहे व ते दूर करता येतं, या शोधावर भर दिला. परंपरानिष्ठ बौद्धांना ही काटछाट खटकते. आंबेडकरांच्या वाचकांना मात्र तीच मूळ गोष्ट वाटते.

ज्ञान झाल्यावरही ते लगेच कोणाला पटलं नाही. सारनाथच्या वाटेवर उपक नावाचा आजीवक भेटला. आपण जिंकलो आहोत, असं बुद्धांनी सांगितल्यावर तो ‘असेलही बाबा’ अशा अर्थाचं काही म्हणाला, मान हलवली आणि दुसऱ्या वाटेने गेला. सारनाथला त्या पाच जुन्या सोबत्यांनी याला उठून मान द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. कडक तपाने जमलं नाही ते पोटभर जेवून कसं जमलं, हा त्यांचा प्रश्न तीन वेळा आला. मी पूर्वी कधी तुमच्याशी असं बोललो होतो का, असं विचारल्यावर ते ऐकायला तयार झाले. मग शिकवणं सुरू झालं ते पाळीपाळीने. दोघांना समजावताना तिघे भिक्षेला जात आणि तिघांना समजावताना दोघे. जे मिळेल त्यावर सहा जणांचं भागत असे.