सांधे लपले की न्हाणीघर मोठं

चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये भिंत लहान दिसते ती टाइलपेक्षा सांध्यांमुळे. पांढऱ्या टाइलमध्ये काळं ग्राउट भरलं, की चौकटींची जाळी उभी राहते आणि नजर प्रत्येक रेघेवर अडते. म्हणून ग्राउट टाइलच्याच रंगाचं, फार तर एक छटा गडद घ्यावं. जमिनीवर मात्र पांढरं ग्राउट नको; महिन्याभरात मळतं. तिथे राखाडी टाइल, राखाडी ग्राउट.

भिंतीला ३०० बाय ६०० मिलिमीटरची टाइल आडवी लावा. सात फुटी भिंतीत तीन अख्ख्या बसतात, साधारण ३३ सेंटिमीटरचा तुकडा उरतो. तो दाराआडच्या कोपऱ्यात जावा. दारातून समोर दिसते तिथे अख्खी टाइल हवी. मिस्त्री सोयीच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात, तेव्हा आधी कोरडी मांडणी करून पाहाच. कंबरेवरचा नक्षीदार पट्टा भिंतीचे दोन तुकडे करतो. मला तो कधीच पटलेला नाही.

जमिनीवर मोठ्या टाइलचा मोह टाळावा. पाणी जाळीकडे वळायला उतार लागतो आणि मोठी टाइल वाकत नाही. मग ती कापावी लागते, नाहीतर पाणी साचतं. तिथे ३०० बाय ३००ची, न घसरणारी मॅट टाइलच बरी.