चहाचा ब्रँड आणि ग्राहकाचं वय

समजा, चहा पावडरच्या तीन ब्रँडपैकी आवडता एकच निवडा, असं आपण २०० जणांना विचारलं. त्यात चाळिशीच्या आतले १२० आणि त्यापुढचे ८०. तरुणांपैकी ४५ जणांनी ‘अ’, ३६ जणांनी ‘ब’ आणि ३९ जणांनी ‘क’ निवडला. मोठ्यांमध्ये हेच आकडे ४५, २४ आणि ११ आले. ‘क’ तरुणांचा ब्रँड दिसतो खरा, पण वेगळे २०० जण भेटले असते तर हा फरक उरला असता का?

कार्ल पिअर्सनने १९०० साली मांडलेली काय-स्क्वेअर चाचणी इथे उपयोगी पडते. ती आधी गृहीत धरते, की वयाचा आणि आवडीचा काही संबंध नाही. ‘अ’ एकूण ९० जणांनी, म्हणजे ४५ टक्के लोकांनी निवडला. संबंध नसेल तर १२० तरुणांपैकीही ४५ टक्के, म्हणजे ५४ जण ‘अ’कडे जायला हवेत. प्रत्यक्षात गेले ४५. हा ९चा फरक, त्याचा वर्ग ८१, भागिले अपेक्षित ५४, उत्तर १.५. सहाही चौकटींसाठी असंच करून बेरीज घेतली की येते १०.५.

दोन वयोगट आणि तीन ब्रँड असताना डिग्रीज ऑफ फ्रीडम (२−१)×(३−१), म्हणजे २ असतात. त्यासाठी पाच टक्के पातळीवर कोष्टकातली मर्यादा ५.९९ आहे. आपली बेरीज त्याच्या बरीच वर आहे, म्हणून फरक निव्वळ योगायोगाचा मानणं कठीण आहे. पण फरक नेमका कुठे आहे, हे बेरीज सांगत नाही. त्यासाठी पुन्हा चौकटींकडे वळावं लागतं. सर्वांत मोठा वाटा, ४.०५, मोठ्यांच्या ‘क’चा आहे: अपेक्षित २०, मिळाले ११. ‘ब’चा वाटा शून्य. अहवालात लिहिण्यासारखी गोष्ट ही आहे, आणि विद्यार्थी नेमकी तीच गाळतात.

चाचणीत माणसांची संख्याच घालायची, टक्केवारी नाही. आपण १०० जणांनाच विचारलं असतं आणि तरुणांचे २३, १८, १९, मोठ्यांचे २२, १२, ६ असे आकडे आले असते, तर टक्केवारी जवळपास तीच राहिली असती. बेरीज मात्र सुमारे ४.१५, म्हणजे मर्यादेच्या आत. किती जणांना विचारलं हे टक्केवारीत हरवतं, आणि पुराव्याचं वजन तर त्यावरच ठरतं.

‘आवडणारे सगळे ब्रँड निवडा’ असा प्रश्न असेल, तर एकच माणूस दोन-तीन चौकटींत मोजला जातो आणि ही चाचणी तशीच लावता येत नाही. अपेक्षित आकडे पाचाच्या खाली गेले, तरी निष्कर्षावर भरवसा ठेवू नये. तेव्हा शेजारचे वयोगट एकत्र करावेत, किंवा आणखी लोकांना भेटावं. आणि सगळे तरुण एकाच कॉलेजच्या कँटीनमध्ये गाठले असतील, तर १०.५ हा आकडा वयाविषयी बोलतोय की त्या कँटीनविषयी, हे कोणतंच कोष्टक सांगू शकणार नाही.