गोवा ते महाराष्ट्र, व्हाया पंजाब

पत्रादेवीचा नाका ओलांडला की पुढे बांदा लागतं आणि महाराष्ट्र सुरू होतो. गोव्यातून महाराष्ट्रात यायला राज्यांच्या किती सीमा ओलांडाव्या लागतात, असं कोणी विचारलं तर शाळकरी पोरही 'एक' म्हणेल. संगणकाला मात्र हाच प्रश्न एका नामांकित पद्धतीने सोडवायला सांगितला तर तो बारा सीमा ओलांडून, वाटेत पंजाब पाहून, महाराष्ट्रात येऊ शकतो. नकाशा बरोबर असतो, आज्ञावलीत चूक नसते, प्रत्येक सीमा खरीखुरी असते. तरीही बारा.

हे कसं होतं ते पाहण्यासाठी देशाची २८ राज्यं घेऊ. केंद्रशासित प्रदेश बाजूला ठेवू, म्हणजे हिशेब सुटसुटीत राहील. प्रत्येक राज्य म्हणजे एक ठिपका. दोन राज्यांची जमिनीवरची सीमा सामाईक असेल तर त्यांच्या ठिपक्यांमध्ये एक रेघ. किलोमीटर, रस्ते, घाट यांतलं काहीही नाही. संगणकशास्त्रात ठिपके आणि रेघांच्या अशा जाळ्याला ग्राफ म्हणतात, आणि सगळ्या रेघांची किंमत सारखीच धरली असेल तर तो भाररहित ग्राफ. अशा जाळ्यात 'सर्वांत जवळची वाट' म्हणजे सर्वांत कमी रेघांची वाट.

जाळं धुंडाळायच्या दोन पद्धती प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात. त्यांतली डेप्थ फर्स्ट सर्च, म्हणजे डीएफएस, हिचा नियम असा: जिथे उभे आहात तिथला पहिला न पाहिलेला शेजारी धरा आणि सरळ आत शिरा. तिथून पुन्हा त्याचा पहिला न पाहिलेला शेजारी. पुढे वाट उरली नाही तरच मागे या. 'पहिला' कोण हे ठरवायला काहीतरी क्रम लागतो, तो आपण वर्णमालेचा घेऊ.

गोव्याचे शेजारी दोन, कर्नाटक आणि महाराष्ट्र. 'क' आधी येतो, म्हणून कर्नाटक. कर्नाटकाच्या शेजाऱ्यांत आंध्र प्रदेश पहिला. आंध्रनंतर ओडिशा, ओडिशातून छत्तीसगड. छत्तीसगडच्या यादीत आंध्र पहिला आहे, पण तो पाहून झालाय, म्हणून उत्तर प्रदेश. तिथून उत्तराखंड. उत्तराखंडाला उत्तर प्रदेश सोडला तर हिमाचलच उरतो. हिमाचलातून पंजाब, पंजाबातून राजस्थान, राजस्थानातून गुजरात, गुजरातेतून मध्य प्रदेश. मध्य प्रदेशाचे उत्तर प्रदेश, गुजरात, छत्तीसगड हे शेजारी पाहून झाले आहेत. यादीत पुढे महाराष्ट्र. पोहोचलो. बारा सीमा, आणि एकदाही मागे फिरावं लागलं नाही.

गंमत अशी की या वारीत महाराष्ट्राची सीमा चार वेळा हाताशी आली होती. गोवा, कर्नाटक, छत्तीसगड आणि गुजरात, चौघेही महाराष्ट्राचे शेजारी. चारही ठिकाणी यादीत आणखी कोणीतरी वर होतं, म्हणून महाराष्ट्र मागे राहिला आणि शेवटी मध्य प्रदेशातून सापडला. डीएफएसने इथे कोणतंही वचन मोडलेलं नाही. जिथे पोहोचता येतं तिथे ती पोहोचवते, एवढाच तिचा शब्द असतो. वाट छोटी असेल असं ती कधीच म्हणत नाही. क्रम उलटा करून शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली तर ती पहिल्याच पावलाला महाराष्ट्रात येते, पण तो नशिबाचा भाग झाला.

इथे चाणाक्ष वाचक म्हणेल, आत शिरण्याआधी शेजाऱ्यांच्या यादीत मुक्कामाचं ठिकाण आहे का एवढं बघून घेतलं तर? तर गोव्यातच महाराष्ट्र दिसला असता हे खरं. पण मग मुक्काम मध्य प्रदेश धरून पाहा. गोव्याच्या यादीत तो नाही, कर्नाटकाच्या नाही, आंध्रच्या नाही, ओडिशाच्याही नाही. तो दिसतो थेट छत्तीसगडमध्ये, म्हणजे पाच सीमांची वाट निघते. महाराष्ट्रातून गेलं असतं तर दोनच लागल्या असत्या. एक पाऊल पुढचं डोकावून आजार जात नाही, फक्त एक पाऊल पुढे सरकतो.

दुसरी पद्धत ब्रेड्थ फर्स्ट सर्च, म्हणजे बीएफएस. हिचा सगळा कारभार रांगेवर चालतो. गोव्याला ० हा आकडा द्या आणि रांगेत उभं करा. मग रांगेतला पहिला बाहेर काढायचा, त्याच्या ज्या शेजाऱ्यांना अजून आकडा मिळालेला नाही त्यांना त्याच्याहून एक जास्त आकडा द्यायचा, आणि रांगेच्या शेवटी उभं करायचं. बस, एवढंच.

गोवा बाहेर आला की कर्नाटक आणि महाराष्ट्र यांना १ मिळतो. कर्नाटक बाहेर येताच आंध्र, केरळ, तमिळनाडू, तेलंगणा यांना २. मग महाराष्ट्राची पाळी: त्याच्यामुळे गुजरात, छत्तीसगड, मध्य प्रदेश यांना २. तेलंगणाही महाराष्ट्राचा शेजारी, पण त्याला कर्नाटकाने आधीच आकडा दिलाय, म्हणून तसाच राहू द्यायचा. पुढच्या फेरीत ओडिशा, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि झारखंड यांना ३. त्यानंतर पश्चिम बंगाल, बिहार, पंजाब, हरियाणा, हिमाचल, उत्तराखंड यांना ४. बंगालमार्गे आसाम आणि सिक्कीम यांना ५, आणि आसामभोवतीच्या अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम, त्रिपुरा, मेघालय या सहांना ६. रांग संपली, २८ राज्यं पुरी झाली. गोव्यापासून कोणतंही राज्य सहा सीमांपलीकडे नाही.

पण हे आकडे खरोखर किमान आहेत यावर विश्वास का ठेवायचा? याची पडताळणी मला मूळ पद्धतीपेक्षाही सुंदर वाटते, कारण आकडे कसे आले हे न विचारता ती करता येते. दोनच गोष्टी बघायच्या. पहिली: गोवा सोडून प्रत्येक राज्याला बरोबर एकाने कमी आकड्याचा निदान एक शेजारी आहे का? असेल तर तेवढ्या सीमांची वाट खरोखर अस्तित्वात आहे. ६ वरून ५, ५ वरून ४ असं उतरत गेलं की आपण गोव्यात पोहोचतो. दुसरी: नकाशावरची प्रत्येक सीमा घ्या. तिच्या दोन्ही बाजूंच्या आकड्यांत एकाहून जास्त फरक कुठे आहे का? कुठेच नसेल तर विषय संपला. गोव्याचा आकडा ०, त्रिपुराचा ६. एक सीमा ओलांडून आकडा फार तर एकाने वाढतो, मग सहापेक्षा कमी सीमांत त्रिपुरा गाठणार कसा? कोणतीही वाट घ्या, अगदी आपल्याला न सुचलेलीसुद्धा, तिलाही हेच बंधन.

आता डीएफएसच्या वारीतले आकडे याच कसोटीला लावा. गोवा ०, महाराष्ट्र १२, आणि मधे सीमा एकच. फरक बाराचा. चोर जागेवर सापडला.

बीएफएसमध्ये असा फरक कधी पडतच नाही, त्याचं कारण रांगेच्या शिस्तीत आहे. नवा आलेला मागे उभा राहतो, आणि त्याचा आकडा बाहेर पडणाऱ्यापेक्षा एकानेच मोठा असतो. त्यामुळे रांगेत कोणत्याही क्षणी फार तर दोन लागोपाठचे आकडे असतात, धाकटे पुढे आणि थोरले मागे. म्हणजे राज्यांना आकडे मिळतात ते चढत्या क्रमाने. आता समजा दोन शेजाऱ्यांपैकी एकाला ३ मिळालाय. तो रांगेतून बाहेर पडेल तेव्हा दुसऱ्याला एकतर आधीच आकडा मिळालेला असेल, आणि तो आकडा ४ पेक्षा मोठा असणं शक्य नाही, कारण ४ च्या वरचे आकडे वाटायला अजून सुरुवातच झालेली नाही. किंवा मिळालेला नसेल, तर त्याच क्षणी ४ मिळेल. पाच मिळायला जागाच नाही.

ही शिस्त मोडायला फार काही लागत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या हातून एक चूक हटकून होते: 'हे राज्य पाहून झालं' ही खूण रांगेत उभं करताना न करता बाहेर काढताना करायची. मग गोव्याने महाराष्ट्राला १ देऊन रांगेत उभं केलेलं असतं, पण खूण नसते. त्याच्या आधी कर्नाटक बाहेर येतो, महाराष्ट्र आपला शेजारी आहे आणि खूण नाही असं पाहतो, आणि त्याचा आकडा पुसून २ लिहितो. वाट झाली गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र. उत्तर पटण्यासारखं दिसतं, म्हणून अशी चूक लवकर लक्षात येत नाही. आपली सीमातपासणी मात्र ती पकडते: गोवा ०, महाराष्ट्र २.

बेल लॅब्जमधल्या एडवर्ड मूर यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात ही पद्धत मांडली, ती भुलभुलैयातून बाहेर पडण्याची सर्वांत जवळची वाट शोधायला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, सी. वाय. ली यांनी विद्युतमंडलांत तारा कुठून न्याव्यात हे ठरवायला तीच वापरली. डीएफएसचा वंश त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात ट्रेमो या फ्रेंच गृहस्थांनी भुलभुलैयासाठी सांगितलेली युक्ती मुळात तीच. आणि खरोखर पायी हिंडणाऱ्या माणसासाठी तीच योग्य. बीएफएस वापरायची तर त्याला एका बोळाच्या टोकाहून दुसऱ्या बोळाच्या टोकाशी पुन्हापुन्हा धावावं लागेल. कागदावरच्या नकाशात असं उडी मारून जाणं फुकट असतं, पायांना ते परवडत नाही.

बीएफएसच्या हमीला एक अट आहे, सगळ्या रेघा सारख्या. गोव्यातून छत्तीसगड दोन सीमांवर आणि केरळही दोनच सीमांवर, पण छत्तीसगडला जाताना सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. रेघांवर किलोमीटर लिहिले की रांगेत आधी आलेला जवळचाच असेल हे खरं राहत नाही. तिथे डायक्स्ट्रा यांची पद्धत लागते. तीही १९५९ सालीच छापून आली. तिच्यात आधी आलेल्याला नव्हे, तर आतापर्यंतचं अंतर ज्याचं सर्वांत कमी आहे त्याला बाहेर काढतात. सगळ्या रेघांवर १ लिहून ती चालवली तर राज्यं बीएफएससारखीच चढत्या आकड्यांनी बाहेर पडतात, फक्त ज्यांचे आकडे सारखे त्यांच्यात क्रम थोडा मागेपुढे होऊ शकतो.