मृत्तिका-पदार्थांची उष्णताघातसहिष्णुता

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागात आणि लगतच्या खानदेशात मांडे भाजण्यासाठी चुलीवर मातीचे खापर पालथे घालतात. तापलेल्या खापरावर ओलसर मांडा पडताच त्याचा पृष्ठभाग एकदम निवतो. आतला भाग मात्र तप्तच राहतो. निवणारा थर आकुंचन पावू पाहतो, पण आतील थर त्यास आवरून धरतो. परिणामी पृष्ठावर ताण उत्पन्न होतो. मृत्तिका-पदार्थ दाब पुष्कळ सोसतात, ताण फार थोडा. म्हणून तापण्यापेक्षा एकाएकी निवणे त्यांना अधिक घातक असते.

हा ताण किती असेल, हे प्रथम दोन गुणांवर अवलंबून असते. प्रसरणगुणांक α हा पृष्ठभाग किती आकुंचन पावू पाहतो ते सांगतो. त्या रोधलेल्या आकुंचनातून किती ताण निर्माण होईल ते यंगचा गुणांक E ठरवितो. पदार्थाचे ताणबल σ आणि प्वासाँ गुणोत्तर ν असल्यास, पृष्ठ क्षणात निवले असता सोसवणारा तपमानभेद असा येतो:

ΔT = σ(1 − ν) / (Eα)

दाट अ‍ॅल्युमिनाचे उदाहरण घेऊ. त्याचा E सुमारे ३८० गिगापास्कल, α अंशामागे दशलक्षांश ८ आणि ν ०.२२ आहे. म्हणजे प्रत्येक अंशामागे सुमारे ३.९ मेगापास्कल ताण येतो. ताणबल ३०० मेगापास्कल धरल्यास सुमारे ७७ अंशांच्या भेदालाच तडा संभवतो. सिलिकॉन नायट्राइडचा α सुमारे ३.२ व E सुमारे ३१० असल्याने तोच ताण अंशामागे सुमारे १.४ एवढाच येतो. शिवाय त्याचे ताणबल ७०० च्या आसपास असते. म्हणून त्याची मर्यादा ५०० अंशांच्या पुढे जाते.

प्रत्यक्षात पृष्ठभाग क्षणात निवत नाही. वाऱ्याने निवणाऱ्या वस्तूत आतली उष्णता पृष्ठाकडे वाहत येऊन भेद कमी करते. तेथे वरील राशीस उष्णतावाहकतेने गुणावे लागते. पाण्यात बुडविलेल्या जाड वस्तूस मात्र वाहकतेचा आधार फारसा मिळत नाही.

मग वाहकता अल्प आणि ताणबलही अल्प असलेले खापर टिकते कसे? सच्छिद्रतेमुळे त्याचा E लहान असतो, हे एक कारण. दुसरे कारण १९६९ मध्ये हॅसेलमन यांनी मांडलेल्या विवेचनाने उलगडते : तडा सुरू होणे आणि तो पसरणे या भिन्न गोष्टी होत. बलवान, दाट पदार्थात तडा उशिरा जातो, पण साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होऊन तो दूरवर धावतो. खापरात बारीक तडे लवकर पडतात, परंतु छिद्रांशी व रेतीच्या कणांशी अडखळून थांबतात. तथापि हे तडे साचत जातात. टिचकी मारल्यावर खणखणीत नाद न येता बद्द आवाज आला, की ते एकमेकांस मिळाले असे समजावे.