शेवटच्या चार ओळींत अडकलेली ऑर्डर

दिवाळी अंकांच्या प्रकाशनपूर्व सवलतीचे ईमेल पावसाळा सरता सरता येऊ लागतात. त्यातले बरेचसे छान लिहिलेले असतात. यंदाचा विषय, लेखकांची नावं, मुखपृष्ठाचं चित्र, सगळं जागच्या जागी. वाचणारा शेवटापर्यंत येतो, अंक घ्यावा असं त्याच्या मनातही येतं. आणि तिथे त्याला साधारण असं काहीतरी भेटतं:

“तरी आपण आमच्या या उपक्रमास भरभरून प्रतिसाद द्यावा, ही नम्र विनंती. अधिक माहितीसाठी संकेतस्थळाला भेट द्या, आमचं फेसबुक पान लाइक करा किंवा खालील क्रमांकांवर संपर्क साधा. धन्यवाद!”

यात नम्रता भरपूर आहे, पण अंक कसा घ्यायचा ते नाही. वाचकापुढे तीन कामं ठेवली आहेत आणि त्यातल्या एकानंही अंक घरी येत नाही. संकेतस्थळावर गेलं की मुखपृष्ठ उघडणार, तिथे दिवाळी अंक शोधावा लागणार. फोन रात्री अकराला करता येत नाही. मग ‘उद्या बघू’ म्हणून ईमेल बंद होतो. पैशाचा विषय काढायला आपण भिडस्त असतो, त्यामुळे नेमकी किंमतच विनंतीच्या गर्दीत हरवते. लग्नपत्रिकेत आग्रह चिकार, पण कार्यालयाचा पत्ताच नाही, तशी गत.

या ओळी नव्याने लिहिताना आधी शब्द शोधू नयेत. प्रकाशकाला खरोखर काय हवंय ते ठरवावं. छपाईला जाण्याआधी किती प्रती काढायच्या याचा अंदाज यावा म्हणून त्याला नोंदणी हवी आहे, म्हणजे वाचकाचं नाव, पत्ता आणि पैसे. मग फेसबुकचं लाइक या ईमेलमधून काढून टाकायचं. ते वाईट नाही, पण या कामाचं नाही. आता समजा, अंकाची छापील किंमत 400 रुपये आहे आणि आगाऊ नोंदणीला 300. शेवट असा होईल:

“30 सप्टेंबरपर्यंत नोंदवलात तर अंक 300 रुपयांत, टपालखर्चासह, घरपोच मिळेल. 1 ऑक्टोबरला अंक छपाईला जाईल. त्यानंतर किंमत 400 रुपये. खालचं बटण दाबलं की एक छोटा फॉर्म उघडेल. त्यात नाव-पत्ता भरा आणि यूपीआयने पैसे द्या.

माझा अंक नोंदवा

फॉर्म जमत नसेल तर याच ईमेलला उत्तर म्हणून आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर पाठवा. पुढचं आम्ही बघू.”

बटण दाबण्याआधी मनात येणारे प्रश्न (किती पैसे, कधीपर्यंत, दाबल्यावर काय होणार) इथे बटणाच्या वरच मिटतात. ‘इथे क्लिक करा’ऐवजी बटणावर कामाचं नाव आहे, त्यामुळे घाईत नुसतं बटण वाचणाऱ्यालाही कळतं. मुदतीला कारण दिलं आहे, म्हणून ती खरी वाटते. मात्र ती पाळायलाही हवी. दरवर्षी ‘वाचकांच्या आग्रहास्तव’ मुदत वाढवणाऱ्याच्या तारखेकडे कोणी बघत नाही. शेवटची वाट फॉर्मला कंटाळणाऱ्यांसाठी आहे, पण तीही नोंदणीकडेच जाते. तेवढं एक सांभाळायचं, की ईमेल ज्या पत्त्यावरून जातो तिथे आलेली उत्तरं रोज कोणीतरी वाचायला हवीत.

एवढं करूनही बटण वाचकाला दिसेलच असं नाही. ते चित्र म्हणून टाकलं असेल तर आउटलुकसारख्या ठिकाणी चित्रं अडवली जातात आणि उरते रिकामी चौकट. म्हणून बटणावरची अक्षरं मजकूर म्हणूनच असावीत. जीमेलची गंमत वेगळीच. ईमेलचा कोड साधारण 102 केबीच्या पुढे गेला की उरलेला भाग तो कापून ‘संपूर्ण मेसेज पाहा’ अशा दुव्यामागे टाकतो, आणि कापला जातो तो नेमका शेवट. वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला की असा फापटपसारा चढतो. पाठवण्याआधी ईमेल स्वतःच्या जीमेलवर मागवून फोनवर उघडला की हे लगेच दिसतं. त्याच वेळी फक्त शेवटचा भाग घरातल्या कोणालातरी दाखवून ‘आता तू काय करशील?’ एवढंच विचारावं. उत्तराआधी ‘म्हणजे…’ आलं, तर पुन्हा लिहायला बसावं.

फरक पडला की नाही हे किती जणांनी ईमेल उघडला यावरून ठरवू नये. 2021पासून अ‍ॅपलच्या मेलमधली गोपनीयतेची सोय चालू असेल तर वाचकाने न उघडलेला ईमेलही उघडल्यासारखा मोजला जातो. बटण दाबणारे किती आणि फॉर्म पुरा करणारे किती, हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. पहिला वाढला आणि दुसरा जागचा हलला नाही, तर ईमेलला हात लावू नये. फॉर्म उघडून बघावा: बहुधा तो आधी खातं उघडून पासवर्ड ठरवायला सांगत असतो.