चाल नेमकी कुठे अडते?

लंगडण्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, पण लंगडण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. विदर्भात त्या ओळखता येणे विशेष उपयोगाचे ठरते. इथल्या अनेक कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे आणि तो खुब्याचा सांधा पोखरू शकतो. वर्ध्याजवळचे दत्तपूर, वरोऱ्याचे आनंदवन ही नावे ज्या कुष्ठरोगाशी जोडलेली आहेत, तो आजार पायाची नस निकामी करू शकतो. दोघांचेही रुग्ण लंगडतात, पण चाल वेगवेगळ्या क्षणी अडते.

आधी निरोगी चाल पाहू. एक टाच जमिनीला लागल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचे एक चक्र पूर्ण होते. सहज चालीत त्याला साधारण एक सेकंद लागतो. चक्राचा सुमारे ६० टक्के काळ ते पाऊल जमिनीवर असते. टाच टेकते, भार पायावर येतो, शरीर पायावरून पुढे सरकते आणि शेवटी चवडा जमिनीला रेटा देतो. उरलेले ४० टक्के पाय हवेत झुलतो. एक पाय झुलत असताना सगळा भार दुसऱ्या खुब्यावर असतो.

आता सिकलसेल असलेला, साठ किलो वजनाचा एक तरुण डोळ्यांसमोर आणा. विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशींनी उजव्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या अडवल्या आणि आतले हाड मरू लागले. सुरुवातीला त्याला जांघेत दुखते, कधी फक्त गुडघ्यात. दुखऱ्या पायावर कमीत कमी वेळ राहावे म्हणून डावे पाऊल तो घाईने पुढे टाकतो. पावलांचा आवाज ऐकला तरी ताल चुकल्याचे कळते : एक ठोका लांबतो, पुढचा लगेच येतो. ही वेदना टाळणारी, म्हणजे अँटॅल्जिक चाल. यात उजव्या पायाचा जमिनीवरचा काळ आखूड होतो.

पुढे गोळा चेपतो आणि खुब्याच्या बाजूचा स्नायू दुबळा पडतो. एका पायावर उभे राहताना कंबर दुसरीकडे कलू न देणे हे या स्नायूचे काम. शरीराचा भार सांध्यापासून जितका दूर असतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावरून त्याला ओढ द्यावी लागते. म्हणून साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर त्या क्षणी दीडशे किलोंहून अधिक भार येतो. ही ओढ कमी पडली की उजव्या पायावर उभे असताना डावी कंबर खाली जाते. तोल सावरायला तो धड उजवीकडे झुकवतो. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५मध्ये या खुणेचे वर्णन केले. तपासताना रुग्णाला दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभे करतात आणि मागून कंबर पाहतात. मात्र वेदना तीव्र असेल तर ही चाचणी फसवू शकते. अशा रुग्णाने काठी विरुद्ध, म्हणजे डाव्या हातात धरावी. तिचा आधार स्नायूचे काम हलके करतो.

तिसरी चाल झुलत्या पायाची. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक नस पायात उतरते आणि पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवते. कुष्ठरोगात ती जाड होते आणि दुखावते. निरोगी चालीत पायाचा अंगठा जमिनीपासून जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर वरून जातो, त्यामुळे पाऊल किंचित लोंबले तरी तो घासतो. ते टाळायला रुग्ण पायरी चढावी तसा गुडघा उंच उचलतो आणि टाचेऐवजी चवडा आधी टेकतो. दुबळेपणा थोडाच असेल तर टाच टेकल्यावर पाऊल चटकन आपटते. चपलेचे टोक आधी झिजते. बधिरपणामुळे चप्पल निसटलेली कळतही नाही.

पाऊल लोंबले म्हणजे कुष्ठरोगच, असे मात्र नव्हे. कमरेच्या मणक्यातील चकती सरकून पाचव्या मज्जारज्जूशाखेवर दाब आला तरी हेच होते. फरक पाऊल आत वळवायला सांगितल्यावर दिसतो. दोष गुडघ्यापाशी असेल तर ती ताकद टिकलेली असते, मणक्यात असेल तर बहुधा तीही कमी होते. हीच शाखा खुब्याच्या बाजूच्या स्नायूलाही जात असल्याने मणक्याच्या रुग्णात पाऊल लोंबणे आणि कंबर कलणे दोन्ही एकत्र दिसू शकते. त्वचेवर बधिर चट्टा आणि हाताला लागणारी जाड नस मात्र कुष्ठरोगाकडे बोट दाखवतात.

या ओळखीला वेळेचे बंधन आहे. कुष्ठरोगात नसेची ताकद गेल्याला सहा महिने उलटले नसतील, तर स्टेरॉइडने ती परतण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर उरतो पट्टा, किंवा पाऊल आत वळवणारा स्नायूबंध पुढे आणून जोडण्याची शस्त्रक्रिया. खुब्याचा गोळाही चेपण्यापूर्वीच वाचवता येतो. सिकलसेलच्या तरुणाच्या पावलांचा ताल चुकू लागला, की साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही तरी एमआरआय करून घ्यावा. मेलेले हाड त्यात आधी दिसते.